केक मधेच का बसतो: कुकरमधला पण आणि ओव्हनमधला पण

प्रश्न: खानापूरहून विचारते. बिनअंड्याचा केक करते. २ वाटी मैदा, १ वाटी साखर, १ वाटी घरचं दही, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी दूध, १ चमचा खायचा सोडा आणि शेवटी इनोचं एक पाकीट. कुकरची शिट्टी, रिंग काढून, खाली मीठ घालून कुकरच्याच डब्यात ठेवते. २० मिनिटांनी उघडून बघितलं की डबा भरून फुगलेला असतो आणि गार झाला की मधे बशीसारखा खड्डा. बहिणीच्या ओव्हनमध्ये २०० वर केला, तिथं पण तेच. टूथपिक कोरडी येते तरी बसतोय. चव पण जरा खारट लागते. काय चुकालंय?

उत्तर:

ताई, तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीय, कुकरमध्ये पण बसला आणि ओव्हनमध्ये पण बसला. कुकरची आच वेगळी, ओव्हनची आच वेगळी, तुमच्याकडचा गॅस वेगळा, बहिणीकडचं मशीन वेगळं, या सगळ्यात सारखं काय राहिलं तर बॅटर. म्हणून आधी बॅटरकडे बघायचं आणि मग आचेकडे. बहुतेकजण उलटं करतात, केक बसला की आधी कुकरला नाव ठेवतात, मग मोठा ओव्हन घेतात, आणि त्याच मापानं त्यात पण केक बसवून ठेवतात.

मी बेळगावात घरूनच केकच्या ऑर्डरी करते आणि सुट्टीत क्लास घेते. क्लासला येणाऱ्या बायकांना पहिली गोष्ट हीच सांगते की बसलेला केक टाकू नका आणि त्यावर लगेच क्रीम पण थापू नका, पूर्ण गार करा आणि खड्ड्याच्या बरोबर मधून सुरी घालून उभा कापा. वरून सगळे बसलेले केक सारखेच दिसतात, आत मात्र दोन अगदी वेगळे प्रकार असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला केलात तर केक अजून बसतो, म्हणून कापल्याशिवाय काही बदलू नका.

आधी केक उभा कसा राहतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपण बॅटर फेटतो तेव्हा त्यात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात. सोडा किंवा बेकिंग पावडरचा गॅस नवीन बुडबुडे करत नाही, तो या आधीच्याच बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. त्यात आतल्या पाण्याची वाफ पण भर घालते. म्हणजे केक वर येत असतो तेव्हा तो फक्त गॅसवर आणि वाफेवर उभा असतो, बुडबुड्यांच्या भिंती तेव्हा ओल्या आणि मऊच असतात. मग बॅटर साधारण ८० अंशांच्या वर जायला लागलं की मैद्यातला स्टार्च पाणी ओढून घट्ट होतो आणि भिंती पक्क्या होतात. भिंती पक्क्या झाल्यावर आतला गॅस गेला तरी काही बिघडत नाही, जाळी तशीच राहते. पक्क्या व्हायच्या आधीच गॅस गेला किंवा वाफ गार होऊन आकसली, तर छप्पर खाली येणारच. आणि मधेच का येतं तर उष्णता कडेकडून आत जाते, कडा आधी पक्क्या होतात, मध्यभाग सगळ्यात शेवटी.

अंड्याच्या केकमध्ये अंड्याचं प्रोटीन पण शिजून आधार देतं. तुमच्या केकमध्ये अंडं नाही म्हणजे सगळा भार स्टार्चवर, म्हणून बिनअंड्याचा केक मापातली आणि आचेतली गडबड कमी सहन करतो. आपल्याकडे बऱ्याच घरी श्रावणात, चतुर्थीला, नाहीतर कायमच अंडं चालत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बिनअंड्याचा केक चांगला होतोच, फक्त माप सांभाळून करावा लागतो.

आता कापल्यावर काय दिसतं ते बघू. पहिला प्रकार म्हणजे कच्चा राहिलेला. खड्ड्याच्या बरोबर खाली गडद, ओलसर, गच्च पट्टा दिसतो, जाळी अजिबात नाही, बोटानं दाबलं तर बोटाला चिकटतो, आणि कडेला मात्र केक छान मोकळा झालेला असतो. याचा अर्थ मधे भिंती पक्क्या व्हायच्या आधीच तुम्ही आच काढून घेतलीत. इथे सोडा कमी करून काही होत नाही, वेळ वाढवायचा, आच नीट करायची किंवा भांडं पसरट घ्यायचं.

दुसरा प्रकार म्हणजे जास्त फुगून कोसळलेला. यात मधला भाग शिजलेला असतो, चिकट नसतो, पण जाळी मोठी आणि ओबडधोबड, वरच्या सालीखाली कधीकधी बोगद्यासारखी पोकळी, आणि तुकडा हातात घेतला की भुगा होऊन पडतो. रंग अपेक्षेपेक्षा पिवळट तपकिरी, आणि चव खारट, साबणासारखी. इथे गॅस इतका झाला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले, त्यांच्या भिंती ताणून पातळ झाल्या आणि पक्क्या व्हायच्या आधीच फुटल्या. हा केक तुम्ही बाहेर काढायच्या आधीच, आतल्या आतच खाली यायला लागलेला असतो, आणि असा केक अजून दहा मिनिटं ठेवलात तर फक्त वाळतो, वर येत नाही.

तुमचं वर्णन बघितलं तर हा दुसराच प्रकार वाटतोय. टूथपिक कोरडी येते म्हणजे शिजलाय, आणि खारट चव तर सरळ सोड्याचीच खूण. तरी कापून बघाच, कारण एकाच केकमध्ये दोन्ही थोडं थोडं पण असू शकतं, ते पुढे सांगते.

तुमचं माप घेऊनच हिशोब करू. घरातली वाटी दीडशे मिलीच्या आसपासची धरते, तुमची वेगळी असली तर एकदा मोजून घ्या. दोन वाट्या मैदा म्हणजे साधारण १८० ग्रॅम. एवढ्या मैद्याला सपाट मापाचा १ चमचा बेकिंग पावडर आणि पाव ते अर्धा चमचा सोडा बास होतो. इथे चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, पोह्याचा नाही आणि चहाचा शीग लावून भरलेला पण नाही. तुम्ही घालता तो १ चमचा सोडा सपाट असला तरी ५ ग्रॅमच्या आसपास झाला. वरून इनोचं पाकीट ५ ग्रॅमचं, त्यात निम्म्याच्या आसपास सोडा आणि बाकीचं बहुतेक लिंबूसत्व, म्हणजे अजून अर्धा चमचा सोडा आला. एकूण झाला दीड चमचा, जिथे पाव-अर्ध्यावर भागलं असतं. तुम्ही बेकिंग पावडर घालत नाही हे धरलं तरी हे दुपटीच्या बरंच वर जातं.

सोड्याला गॅस सोडायला आंबटपणा लागतो. इनोचा आंबटपणा त्याच्यात असतोच, पण तुमच्या वेगळ्या चमचाभर सोड्याला फक्त दह्याचा आधार आहे. एक वाटी बऱ्यापैकी आंबट दही दीडेक ग्रॅम सोडा संपवतं, फार तर दोन. बाकीचे तीन ग्रॅम तसेच राहतात, ते आत उष्णतेनं फुटतात, त्यातून थोडा गॅस निघतो आणि मागे जे उरतं ते म्हणजे धुण्याचा सोडा. तुम्हाला जी खारट चव लागते ती तीच. म्हणून चव बिघडणं आणि मधे बसणं या तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, दोन्हीचं मूळ त्या एका चमच्यात आहे.

दह्याबद्दल एक सांगते कारण आपल्याकडे हे फार बदलतं. म्हशीच्या दुधाचं घरी लावलेलं घट्ट दही आणि डेअरीच्या पाकिटातलं पातळ दही यांत पाण्याचा फरक असतो, आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत दही जेवढं आंबतं तेवढं पावसात दोन दिवसांनी पण आंबत नाही. त्यामुळे सोडा पाव घालायचा की अर्धा हे दह्यावर ठरतं. ताजं गोड दही असेल तर पाव चमचा, चांगलं आंबट असेल तर अर्धा. दह्यावर पाणी सुटलं असेल तर ते मोडून एकजीव करा आणि मग मोजा, आणि दही फारच पातळ असेल तर दूध दोन-तीन चमचे कमी घाला. पाणी जास्त झालं की मध्यभाग घट्ट व्हायला उशीर होतो, आणि मग पहिला प्रकार सुरू होतो.

आता इनो. ढोकळ्याला इनो चालतं आणि छान चालतं, कारण तिथे वाफ तयार असते, इनो घातलं, एकदा ढवळलं, थाळी आत गेली आणि पातळ थर पंधरा मिनिटांत शिजून पक्का झाला. केकचं तसं नाही. इनो ओल्यात पडल्यापडल्या फसफसतं, बहुतेक गॅस पहिल्या काही मिनिटांतच देऊन टाकतं, आणि केकच्या मध्यभागाला पक्कं व्हायला अर्धा तास पण लागतो. म्हणजे गॅस आधीच येऊन गेला आणि भिंती पक्क्या व्हायला अजून वेळ आहे, या मधल्या वेळात तो केक धरून ठेवायला काहीच नाही. बेकिंग पावडर बहुतेक दोन टप्प्यांत काम करते, थोडा गॅस ओलं झाल्यावर आणि बाकीचा उष्णता लागल्यावर, म्हणून केकला ती बरी. बेकिंग पावडर मिळत नसेल आणि इनोच वापरायचं असेल तर मग वेगळा सोडा अजिबात घालू नका, पाऊण पाकीट इनो पुरे, आणि घातल्यापासून मिनिटभरात भांडं गरम कुकरमध्ये गेलं पाहिजे.

यावरून कामाचा क्रम पण ठरतो. क्लासमध्ये मी बघते, बायका बॅटर पूर्ण तयार करतात, मग भांड्याला तेल-मैदा लावतात, मग कुकर गॅसवर ठेवतात आणि तो तापेपर्यंत बॅटर ओट्यावर फसफसत बसतं. उलटं करा. आधी भांड्याला तेल लावून तळाला कागद घालून ठेवा, कुकर तापायला ठेवा, कोरडं सगळं दोनदा चाळून घ्या, म्हणजे सोड्याची गुठळी एका जागी राहणार नाही. दही, साखर, तेल, दूध हे साखर विरघळेपर्यंत फेटा, यात कितीही फेटा, काही बिघडत नाही. मग कोरडं त्यात घालून मैदा दिसेनासा होईपर्यंतच मिसळा आणि लगेच आत. कोरडं पडल्यावर फेटत बसलं तर चिकटपणा वाढतो आणि गॅस पण निघून जातो.

आता तुमच्या विसाव्या मिनिटाला झाकण काढण्याकडे येते. त्यावेळी तुम्हाला डबा भरून फुगलेला दिसतो, तो तेव्हा फक्त गॅसवर उभा असतो. कुकरमध्ये उष्णता साठवून ठेवणारं फार काही नसतं, खालचं मीठ आणि भांड्याची भिंत एवढंच, वरची हवा झाकण काढताच गार होते. मधली वाफ आकसते आणि पक्क्या न झालेल्या भिंती तेवढ्यावर पण खाली येतात. ओव्हनचं दार क्षणभर उघडून बंद केलं तर तो परत लवकर तापतो, कुकरला तेवढा दम नाही. म्हणून कुकरच्या केकला मी पहिली पस्तीस मिनिटं हात लावू देत नाही. वास सुटायला लागला, म्हणजे भाजल्याचा वास हं, नुसता व्हॅनिलाचा नाही, की मग बघायचं.

टूथपिकबद्दल पण सांगायला हवं कारण ती फसवते. लोक मध्यापासून जरा बाजूला टोचतात, केकला मोठं भोक दिसू नये म्हणून, आणि बाजूचा भाग दहा मिनिटं आधीच झालेला असतो. बरोबर मधे टोचायची, तळापर्यंत न्यायची. दुसरं म्हणजे जास्त सोड्याच्या केकमध्ये मोठी पोकळी असेल तर टूथपिक पोकळीतूनच जाते आणि कोरडी येते. म्हणून टूथपिकसोबत अजून दोन गोष्टी बघा, मधे बोटानं हलकं दाबलं तर खड्डा राहता कामा नये, परत वर यायला पाहिजे, आणि कडा भांड्यापासून किंचित सुटलेल्या दिसल्या पाहिजेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधे ९५ अंश आला की केक झाला. बाहेरच्या रेसिपीत ९८-९९ लिहिलेलं असतं, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, आपल्याकडे पाणीच ९७-९८ला उकळतं, त्यामुळे ओल्या केकचा मधला भाग ९९ला जायची वाट बघत बसलात तर केक वाळून जाईल.

उंचीचा विषय निघालाच आहे तर, कोणीतरी सांगतं की आपल्याकडे उंचीमुळे केक बसतो. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून तोच गॅस जास्त फुगतो हे खरं, पण त्यासाठी रेसिपी बदलावी लागते ती साधारण हजार मीटरच्या पुढे. आपल्याकडे तो फरक थोडासाच आहे, नीट मापाच्या केकला तो जाणवत नाही. ज्या रेसिपीत सोडा आधीच काठावर आहे तिथे मात्र तेवढा धक्का पण पुरतो. तुमच्या खानापूरला तर उंची बेळगावपेक्षा थोडी कमीच, तेव्हा तिकडे दोष देऊ नका.

आता भांडं आणि कुकर. कुकरचा भाताचा डबा उंच आणि अरुंद असतो, त्यात तुमचं हे एवढं बॅटर घातलं तर थर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास जातो. थर जेवढा जाड तेवढा मध्यभाग उशिरा पक्का होतो, आणि तोपर्यंत कडा वाळून जातात. थर अडीच-तीन सेंटीमीटर ठेवा आणि भांडं अर्ध्यापेक्षा जरा वरपर्यंतच भरा. सात इंची टिन कुकरमध्ये मावत असेल तर तो घ्या, मावत नसेल तर डब्यात दीड वाटी मैद्याचं बॅटर करा आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात कमी करा. डबा कुकरच्या भिंतीला टेकू नये, भोवती बोटभर मोकळं हवं.

खाली मीठ बोटाच्या एका पेराएवढं, त्यावर स्टँड, त्यावर डबा. रिंग आणि शिट्टी काढता ते बरोबरच आहे, पाणी अजिबात नको. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या, मग डबा ठेवून लहान बर्नरवर मंद. तापलेल्या कुकरवर झाकण पण तापलेलं असावं, गार झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात आणि ते केकवर पडतात. मधे नाण्याएवढा ओला डाग आणि तिथेच खळगा दिसला तर तो याचा, सोड्याचा नाही. म्हणून झाकण सुरुवातीपासून लावूनच तापवा. आणि एक विनंती, कोरडा कुकर रोज तापवून तळ वाकडा होतो आणि मग तो भाताला पण नीट बसत नाही, तेव्हा केकसाठी जुना कुकर नाहीतर जाड बुडाचं झाकणाचं पातेलं वेगळं ठेवा. ते मीठ परत डब्यात भरून केकलाच वापरा, भाजीला नको.

गॅस संपत आलेला असताना कुकरचा केक लावू नका. मंद फ्लेम अर्ध्यावर अजून बारीक होते आणि लक्षातच येत नाही, मधला भाग कच्चा राहतो. ओव्हनवाल्यांना तसाच त्रास करंट जाण्याचा. पहिल्या पंधरा मिनिटांत करंट गेला तर केक बहुतेक बसणारच, पंचविशीनंतर गेला तर दार न उघडता दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, कधीकधी आतल्या उष्णतेवर तरून जातो. पावसात जांबोटी, कणकुंबीकडच्या माझ्या ओळखीच्या बायका याच कारणानं केक ओव्हनऐवजी पातेल्यातच करतात.

बहिणीच्या ओव्हनचं २०० हे तुमच्या बॅटरला जास्त आहे. एवढ्या आचेला कडा आणि वरची साल पटकन घट्ट होते, मधलं ओलं बॅटर ती फोडून वर येतं, मधे डोंगर आणि चीर पडते, मग आत शिजलेलं नसल्यामुळे तो डोंगर खाली बसतो. अशा केकची वरची बाजू चांगली तपकिरी झालेली असते म्हणून माणूस लवकर काढतो. १७०वर लावा आणि पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं धरा, खालची वरची दोन्ही कॉइल चालू, टिन मधल्या रॅकवर.

पण डायलवरचा १७० म्हणजे आतला १७० असेलच असं नाही, घरगुती ओव्हन दहा-वीस अंश सहज इकडेतिकडे असतात. ओव्हनचा थर्मामीटर घेतलात तर सगळ्यात बरं. नाहीतर एक साधी परीक्षा आहे, साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा, ओव्हन १७५वर पूर्ण तापवून पंधरा मिनिटं आत ठेवा. साखर वितळली तर तुमचा ओव्हन डायलपेक्षा गरम आहे. मग दुसऱ्या साखरेनं १९०वर करून बघा, तिथे वितळली नाही तर ओव्हन थंड चालतोय. थंड ओव्हन पण केक बसवतो बरं का, गॅस येत राहतो, भिंती पक्क्या व्हायला उशीर होतो, बुडबुडे वर येऊन फुटतात.

मागे निपाणीहून एक वहिनी क्लासला आल्या, त्यांचा ओव्हनचा केक नेहमी बसायचा. त्यांना कोणीतरी सांगितलं सोडा वाढवा, त्यांनी वाढवला, अजून बसला, परत वाढवला. डब्यात घेऊन आलेला केक आम्ही कापला तर मधे बोटभर जाडीचा गच्च ओला पट्टा आणि त्याच्यावर मोठमोठी भोकं, म्हणजे दोन्ही प्रकार एकात. मूळचा दोष थंड ओव्हनचा होता, साखरेची परीक्षा केली तर १९०ला साखर तशीच कोरडी. डायल वीसनं पुढे ठेवायची ठरली, सोडा मुळात होता तेवढाच परत केला, आणि टिन सातऐवजी आठ इंची घेतला. त्याच दिवशी केक सपाट उतरला. सोडा वाढवून त्यांना वाटत होतं केक वर येईल, आणि आत तर आच कमी म्हणून तो धरला जात नव्हता.

तुमच्यासाठी पुढच्या वेळचं माप असं धरते. मैदा २ वाट्या सपाट, साखर १ वाटी, दही १ वाटी, तेल अर्धी वाटी, दूध अर्ध्या वाटीपेक्षा दोन चमचे कमी, बेकिंग पावडर १ मापाचा चमचा, सोडा पाव चमचा, दही चांगलं आंबट असेल तरच अर्धा, इनो नाही. मीठ चिमूटभर. साखर वाढवू नका, साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला घट्ट व्हायला जास्त आच लागते, म्हणजे गोड वाढवलं की बसायची भीती पण वाढते. पहिल्यांदा फक्त हे माप बदला, कुकर, डबा, आच तीच ठेवा, झाकण तेवढं पस्तीस मिनिटं काढू नका. एकदम सगळं बदललं तर कशानं सुधारलं ते कळणार नाही.

या मापानं केक आधीपेक्षा कमी फुगेल, डबा भरून वर येणार नाही, ते बघून सोडा परत वाढवू नका. वर सपाट किंवा किंचित फुगीर, तेवढाच हवा. उतरल्यावर दहा मिनिटं डब्यातच ठेवा, मग जाळीवर काढा. पूर्ण गार झाल्यावर तो एक-दोन मिलिमीटर खाली येतोच, वाफ आकसते म्हणून, त्याला बसला म्हणत नाहीत.

एवढं करून पण मधे खड्डा पडला तर कापून बघा. आत चिकट पट्टा असेल तर आता वेळ आणि डब्याचा थर बघायचा, सोडा नाही. कोरडी मोठी जाळी असेल तर तुमचा चमचा मापाचा नाही किंवा वाटी लहान आहे. वरून काढलेल्या फोटोवरून मला काही सांगता येत नाही ताई, कापलेल्या बाजूचा फोटो टाका, सोबत वाटी किती मिलीची आणि एकूण किती वेळ ठेवलात ते लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगते.